पुसलेली पेन्सिल

कोलशेतच्या एका कारखान्याचे लेखापरीक्षण मी चौदा वर्षे केले. तेथे पत्र्याचे डबे बनत. कार्यालय वरच्या मजल्यावर होते आणि खाडीकडची खिडकी वासामुळे कायम बंद असे. हिशेब डोंबिवलीचे एक गृहस्थ पाहत. त्यांच्या नोकरीला माझ्याहून जास्त वर्षे झाली होती. त्यांचे अक्षर सुबक होते आणि त्यांच्या फायलींना कधी धूळ नसे.

मूळस्रोतातून कापलेल्या कराची, म्हणजे टीडीएसची, तपासणी हा त्या कामातला कोरडा भाग. पगार देताना किंवा ठेकेदाराचे बिल चुकवताना कंपनी कर कापते. तो पुढल्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत चलनाने बँकेत भरायचा असतो. मग दर तिमाहीला विवरणपत्र द्यायचे, की अमक्याचा इतका कापला आणि तो अमक्या चलनाने भरला. म्हणजे तीन कागद झाले: खतावणी, चलन आणि विवरणपत्र. ते तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत.

माझी पद्धत ठरलेली होती. सप्टेंबर आणि मार्च या दोन महिन्यांची चलने मी खतावणीशी ताडून पाही. विवरणपत्रांची बेरीजही खतावणीशीच ताडून पाही. दोन्ही जुळत. चलन आणि विवरणपत्र शेजारी ठेवून मी कधी पाहिले नाही. दोन्ही एकाच खतावणीशी जुळतात, म्हणजे आपसातही जुळत असणार, असे मी धरून चाललो होतो. चूक माझी होती, आणि ती मी येथे आधीच नोंदवतो.

त्या वर्षी तपासणी चालू असताना माल चढवण्या-उतरवण्याचा ठेकेदार जिना चढून वर आला. तो तिथलाच, जुन्या मिठागरवाल्यांच्या घरातला. जमिनीला भाव आल्यावर त्याने चार टेम्पो घेतले होते. हातात एक घडी घातलेला कागद होता.

"भाऊ, सातबारा मी आंधारात वाचून दाखवतो," तो हिशेबनिसांना म्हणाला. "पण यो सरकारी उतारा माज्या मुलाने काढलाय, त्यात माजं पैसंच जमा नाय. जुलैचं पैसं कापलं ना तुम्ही? ऑगस्टचं कापलं? मंग गेलं कुठं? खाडीत?"

"जमा होईल. विवरणपत्र भरलंय," हिशेबनीस म्हणाले.

"भरलंय तर दिसत का नाय? माज्या सीएने सांगितलं, कर परत मागवायचा तर आधी तो दिसाया पायजे. आता तुमचा साहेब बसलाय इथं, त्यालाच इचारा. का सायब, तुम्ही काय फक्त टिक मारता?"

मी कागद हातात घेतला. ज्याचा कर कापला त्याच्या नावावर सरकारदरबारी किती जमा आहे, ते त्या उताऱ्यावर दिसते. जुलै आणि ऑगस्टसमोर रक्कम होती. पण चलन जुळत नसल्याची खूण होती आणि म्हणून जमा काही नव्हते. मी त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले आणि बारा महिन्यांची चलने मागितली.

 हिशेबनिसांनी फाइल आणून ठेवली. चलने सहाच होती.

सप्टेंबरच्या चलनाची प्रत मी विवरणपत्राशेजारी ठेवली. बँकेचा संकेतांक, तारीख, अनुक्रमांक तोच. रक्कम वेगळी होती. विवरणपत्रात ती वाढवून लिहिली होती, जेणेकरून जुलै आणि ऑगस्टच्या कपातीही तिच्यात बसाव्यात. त्या काळी असे विवरणपत्र स्वीकारले जाई. बँकेच्या नोंदीशी तुलना पुढे होई आणि ती जुळत नसे. पगाराच्या विवरणपत्रातही तेच होते. त्या यादीत सातव्या ओळीवर हिशेबनिसांचे स्वतःचे नाव होते. त्यांचाही कर कापला गेला होता आणि भरला गेला नव्हता. मी आदल्या वर्षीची फाइल मागवली. तिथेही हेच. खाली माझी सही होती.

"सप्टेंबर आणि मार्च वेळेवर कसे?" मी विचारले.

"तुम्ही तेच पाहता ना, साहेब."

त्यांच्या बोलण्यात उपरोध नव्हता.

मग त्यांनी सांगितले. दर महिन्याच्या पाच तारखेला ते भरायच्या कराचा तक्ता कारखान्याच्या मालकांसमोर, धाकट्या शेठजींसमोर, ठेवत. शेठ त्यावर पेन्सिलीने लिहीत: थांबा. नाहीतर: पुढच्या महिन्यात. कापलेला पैसा पत्र्याच्या खरेदीत जाई. विवरणपत्रावर जबाबदार व्यक्ती म्हणून नाव हिशेबनिसांचे होते, कारण शेठना सह्यांचा कंटाळा होता. कापलेला कर न भरण्याच्या गुन्ह्याला तुरुंगवासाची तरतूद आहे, हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते.

"ते तक्ते आहेत?"

"सगळे आहेत."

तक्ते होते, अगदी क्रमाने लावलेले. एकावरही पेन्सिलीचे अक्षर नव्हते.

"पेन्सिल कुठे गेली?"

"पुसली," ते म्हणाले. "लेखापरीक्षणाच्या फाइलीत पेन्सिल चालत नाही, असा तुमचा नियम. तुम्ही येण्याआधी दरवर्षी मी सगळ्या फायली खोडरबराने साफ करतो."

नियम माझाच होता. एकदा पेन्सिलीच्या बेरजांवरून मी त्यांना चारचौघांत बोललो होतो.

मी ऑगस्टचा तक्ता खिडकीच्या काचेवर धरला. कागद एका ठिकाणी खरडला गेला होता. दाबाची एक रेघ दिसत होती.

"थांबा आहे ते," ते म्हणाले. "दिसतंय ना, साहेब?"

"खूण दिसते. अक्षर दिसत नाही."

 त्यांनी तक्ता माझ्या हातातून घेतला आणि क्रमाने परत लावला.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. सगळे ऐकून त्यांनी चहा मागवला.

"सर, सही त्यांची, विवरणपत्र त्यांचं. मी विश्वास ठेवला. तुम्हीही ठेवलात. नाही का?"

"मी अहवालात महिनावार लिहिणार आहे. आधी कर भरा. दरमहा दीड टक्का व्याजासकट."

"भरतो की. पण त्यांनी केलं, हेही लिहा."

"कोणाच्या सांगण्यावरून, ते मला माहीत नाही," मी म्हणालो. लेखापरीक्षक म्हणून ते वाक्य बरोबर होते.

कर भरला गेला. दुरुस्त विवरणपत्रे गेली. ठेकेदाराच्या उताऱ्यावर रक्कम आली. तो पुन्हा वर आला, तेव्हा हिशेबनिसांची खुर्ची रिकामी होती.

"भाऊ कुठं?" त्याने विचारले. शेठनी त्यांना काढल्याचे मी सांगितल्यावर तो उभाच राहिला. "मी त्यांना घालवाया नव्हतो आलो, सायब. मला माजं पैसं पायजे होतं."

अहवालात मी न भरलेला प्रत्येक महिना लिहिला. आदल्या वर्षीची माझी चूकही लिहिली आणि ते काम सोडले. त्या तक्त्यांविषयी एक ओळ लिहिली: व्यवस्थापनाची लेखी सूचना आढळली नाही. ती खरी होती. आयकर खात्याची नोटीस आली, तेव्हा कंपनीने उत्तरासोबत तीच ओळ जोडली.

हिशेबनिसांना दुसरीकडे हिशेबाचे काम मिळाले नाही. पुढे डोंबिवलीत एका भांड्यांच्या दुकानात ते बिले लिहिताना मला दिसले. त्यांनी मला ओळखले. मी एक पातेले घेतले. त्यांनी बिल शाईने लिहिले, कार्बन काढून खालची प्रत नीट उमटली आहे का ते पाहिले, आणि मग मूळ प्रत माझ्या हातात दिली.