अंगठ्याखालचं कारण

आमच्या मालकांचा उजवा अंगठा मला तोंडपाठ आहे. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने रंगलेली कड, अर्धवट कातरलेलं नख, सगळं. नालवाडीतल्या त्या पाइप-फिटिंगच्या होलसेल दुकानात मी येणे रकमांची नोंद ठेवायचे, आणि परत आलेल्या चेकचा मेमो मला फक्त फोटोत दिसायचा. मालक बँकेच्या काउंटरवरच तो कागद अंगठ्याने दाबून धरत, फोटो काढून मला पाठवत आणि मूळ कागद खिशात घालत. खिसा धोब्याकडे जाई.

चेक कशामुळे परत आला, हे मेमोवर लिहिलेलं असतं. कम्प्युटरवरच्या माझ्या तक्त्यात ते कारण, बँकेने कापलेलं शुल्क आणि नव्या चेकची तारीख असे तीन रकाने होते. शुल्क खरं तर बँकेच्या उताऱ्यात बघायचं आणि नवी तारीख गिऱ्हाइकाला फोन करून विचारायची. पण आमच्याकडे मालकांनी एक सोपा सिद्धांत मांडून ठेवला होता.

"चेक वापस आला म्हंजे खात्यात पैसा नाई. त्यात वाचाचं काय हाय, मॅडम?"

त्या दिवशी आलेल्या फोटोत चेक नंबर होता, रक्कम होती, तारीख होती. कारणाच्या ओळीवर अंगठा होता. चेक नाचणगावच्या एका काकूंचा होता. नवरा गेल्यावर नळाच्या सामानाचं दुकान त्या एकट्या चालवत होत्या आणि त्यांचा चेक पूर्वी कधीच परत आला नव्हता. मी मालकांना एक फोन करून विचारू शकले असते. मी काय केलं? वरच्या ओळीतलं 'शिल्लक अपुरी' खाली ओढलं. त्याच ओढण्यात शुल्कही खाली आलं. नव्या चेकच्या रकान्यात मेमोवरचीच तारीख टाकली आणि चहा प्यायला गेले.

मालकांची आणखी एक हौस होती. चेक परत आलेल्यांची यादी माझ्या तक्त्यातून, कारणासकट, ते दर शनिवारी व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकत. ते याला समाजसेवा म्हणत. त्या यादीत नाव आलं की पुलगावपासून आर्वीपर्यंत कुणी उधार माल देत नसे.

त्या शनिवारी यादीत काकूंचं नाव गेलं. सोमवारी काकू आल्या. हातात पासबुक. त्यांनी ते मालकांपुढे नाही, माझ्यापुढे उघडलं. शिल्लक चेकच्या चौपट होती.

"पोरी, तूच लिव्हते ना हे? मंग सांग मले, माह्या खात्यात पैसा नाई हे तुले कोनं सांगतलं?"

मी मालकांकडे पाहिलं. मालक पंख्याकडे पाहत होते.

"भाऊ, माहा चेक दाखवा. अन् तो बँकेचा कागदबी."

नशिबाने तो शर्ट अजून धोब्याकडे गेला नव्हता. दोन्ही कागद टेबलावर आले. मेमोवर लिहिलं होतं: प्रतिमा अस्पष्ट. आणि चेकवर, रकमेच्या आकड्यांवर बरोब्बर, आमच्या दुकानाचा जांभळा शिक्का बसला होता. हातात आलेल्या प्रत्येक चेकवर मालक तो आधी दणकन मारत, आपला माल आपल्या नावाचा म्हणून. मागच्या बाजूला मारा, असं बँकेने दोनदा सांगितलं होतं. आता चेक स्कॅन होऊन जातो. स्कॅनमध्ये रकमेच्या जागी आमचं दुकान दिसलं, बँकेने तो परत केला. शुल्क कापलं गेलं आमच्या खात्यातून, आमच्याच शिक्क्यासाठी, आणि मी ते लावलं काकूंच्या नावावर.

"होते कधी कधी, काकू," मालक म्हणाले. "कम्प्युटरची गलती हाय."

कम्प्युटर म्हणजे मी. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणायला मी तोंड उघडणार होते. पण मी कुठली संन्याशी? अंगठा त्यांचा होता, ओळ मी ओढली होती. मला त्या क्षणी स्वतःची चीड आली.

"शनिवारपासून तिघांनी माल रोकून ठेवला माहा," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. "कागद वाचता येत नाई त बँकेले इचाराचं. मले इचाराचं. फोन नंबर त हाय तुमच्याजोळ."

मी त्यांच्यासमोरच नोंद बदलली. कारण: रकमेवर आमचा शिक्का. शुल्क: दुकानाच्या खर्चात. नव्या चेकची मी ठोकून दिलेली तारीख पुसली. मालकांनी ग्रुपवर दुरुस्ती टाकली, पण यादी जितक्या लोकांनी वाचली होती तितक्यांनी ती काही वाचली नाही.

"मंग काकू, नवीन चेक कधी देता?" मालकांनी हसून विचारलं.

काकूंनी मोबाइल काढला, भिंतीवरचा कोड स्कॅन केला आणि तिथल्या तिथे पूर्ण रक्कम चुकती केली. पासबुक पिशवीत टाकलं आणि एसटीची वेळ झाली म्हणत निघाल्या.

त्यानंतर त्यांची ऑर्डर आली नाही. मी ती नोकरी सोडली तेव्हाही त्यांच्या नावासमोरचा नव्या चेकच्या तारखेचा रकाना रिकामाच होता, आणि त्यात वरची तारीख ओढायची माझी हिंमत झाली नव्हती.