निळा झालेला बोळा

नवरा ट्रकमध्येच झोपायला लागला, तेव्हा मला वाटलं, यानं दुसरी केली. "न्हावा शेवा बंदरावर गाड्यांची रांग आहे गं," तो फोनवर सांगायचा. रोज कसली रांग? उलव्याच्या आमच्या खोलीत अगरबत्ती लावून मी एकटी बसायचे. शेजारीण दारातून नाक दाबून गेली की तिच्याही नावानं बोटं मोडायचे.

लघवी आपोआप गळायची. बसता, उठता, झोपेतसुद्धा. लागायची म्हणून नाही, नुसती वाहायची. पहिलं बाळंतपण माहेरी, मराठवाड्यात. दोन दिवस कळा देत होते. आई म्हणाली, "दवाखान्यात गेलं की कापतात, घरीच थांब." बाळ मेलेलंच जन्मलं. आठवड्याभरानं हे सुरू झालं.

चार महिन्यांनी नवऱ्यानंच ओढत सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळाचं डोकं अडकून बसलं. लघवीची पिशवी डोकं आणि हाडाच्या मध्ये चेंगरली. रक्त पोचलं नाही, तेवढा भाग मेला, गळून पडला. तिथं भोक पडलंय. फिस्टुला म्हणतात. शिवता येतं."

"आणि शिवताना आणखी मोठं केलंत तर?" मी फाडकन विचारलं. नवरा खाली बघायला लागला.

त्या रागावल्या नाहीत. बाळाच्या वाटेत कापसाचे तीन बोळे ठेवले, नळीनं पिशवीत निळं पाणी सोडलं. मधला बोळा निळा निघाला. तो माझ्या हातात द्या म्हटलं, नीट बघितला, तेव्हा कुठे विश्वास बसला. तोही अर्धाच.

ऑपरेशन झालं. पिशवी रिकामी राहावी, टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून नळी ठेवली. सिस्टर सारखं पाणी प्यायला लावायची. मला वाटे, ही मुद्दाम करते. इतके महिने पाणी टाळूनच तर कपडे कोरडे ठेवत आले होते! तिची पाठ फिरली की पेला बेसिनमध्ये ओतायचे. एकदा सापडलेच.

"अगं बाई! लघवी बघ कशी गडद झालीय. खडे धरून नळी तुंबली तर पिशवी फुगेल, टाके उसवतील. परत तेच हवंय का तुला?"

घाबरून तांब्याभर पाणी प्यायले, तिला मनात शिव्या देत.

नळी काढायच्या दिवशी पुन्हा निळं पाणी सोडलं. बोळे पांढरे निघाले, नळी काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढचं मूल होईल, पण सिझरनंच. दिवस गेले की लगेच ये. कळा सुरू व्हायची वाट बघू नकोस." मी मान हलवली. भोक खरंच बुजलं, हे मात्र पटेना. खाटेवर बसून चादर चाचपत राहिले.

मग ओटीपोटात काहीतरी जड झालं. ओळखीचं वाटलं, पण आठवेना. आणि एकदम कळलं.

"सिस्टर! मला लागलीय!" मी वॉर्डभर ओरडले.

"मग जा ना, रोखू नकोस!"

गेले. पण संडासाच्या दारात उभी राहून, ओक्साबोक्शी रडत, क्षणभर रोखलीच.