लसण्यातली रेघ

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. चौथीपर्यंतच शिकले. वहीत कुणी डोकावलंच तर माफ करावं.

आमचे हे भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात खडे घासतात, दुसऱ्यांचे. एकदाच त्यांनी स्वतःसाठी लसण्याचा, म्हणजे मांजरडोळ्याचा, कच्चा खडा घेतला, तोही वन्संकडून उसने पैसे आणून. ते पैसे भाचीच्या कॉलेजचे. खडा वाया गेला तर वन्संना तोंड कसं दाखवायचं, याचीच मला धास्ती.

हे म्हणायचे, "रेघ मधोमध बसली पाहिजे." मला कळेना. मग त्यांनी माझ्या शिवणाच्या डब्यातलं रेशमी दोऱ्याचं रीळ दिव्याखाली धरलं. दोरे रिळाभोवती, आणि उजेडाची पट्टी त्यांना आडवी! दिवा हलवला की तीही सरकायची.

"खड्याच्या पोटात अशाच सुया असतात, केसाहून बारीक, सगळ्या एका दिशेला. तळ त्यांना समांतर ठेवायचा आणि वर घुमट घडवायचा. तळ तिरका गेला की रेघ कडेला."

खडा तयार झाला आणि त्याच रविवारी वन्सं आल्या. वर दोन ट्यूबलाइट लावलेल्या. त्यांनी खडा फिरवून पाहिला.

"अरे, यात रेघ कुठाय? माझी अंगठी बघ, रेघ कशी चमकतेय! जत्रेतली आहे, तरी. तू माझ्या पैशांची काच आणलीस काय?"

ह्यांचा चेहरा पडला. मला बोलायला जमत नाही. मी उठले, ट्यूब बंद केल्या आणि शिवणाच्या मशीनचा दिवा लावला. एकाच दिव्याखाली खड्यावर बारीक रेघ उठली. खडा फिरवला तशी ती चालू लागली.

"अगं बाई!" वन्सं पुढे वाकल्या.

मी दिवा वळवून उजेड बाजूने पाडला. दिव्याकडचा अर्धा भाग मधासारखा, पलीकडचा दुधासारखा. मग ह्यांनी वन्संच्या अंगठीची कड भिंगाखाली दाखवली. आत षटकोनी जाळी.

"ताई, ही काचेच्या तंतूंची. मधाच्या पोळ्यासारखं दिसतंय ना?"

वन्संनी स्वतः भिंगातून पाहिलं. मग हसत सुटल्या. "म्हणजे पोळं माझ्याकडे आणि मध तुमच्याकडे होय रे!"

तरी हे म्हणाले, नुसत्या डोळ्यांवर भरवसा नको. खडा तपासायला लॅबला दिला. तोवर वन्संनी पैशांचा विषय काढला नाही, उलट रोज फोन करून "आमचा मांजरडोळा काय म्हणतोय?" विचारायच्या. क्रायसोबेरिल, म्हणजे अस्सल लसण्या, म्हणून कागद आला, तेव्हा गाळ्यातल्या शेठनी खडा टॉर्चखाली फिरवला, वजन केलं आणि म्हणाले, "आँख बराबर बीच में बैठाई है."

खडा शेठनीच विकत घेतला. त्याच संध्याकाळी आम्ही दोघं मीरा रोडला वन्संच्या घरी गेलो आणि वन्संचे सगळे पैसे त्यांच्या हातात ठेवले.