पगारातली कापाकापी आणि पप्पांची पैज

जर्मनीतली नोकरी लागली तेव्हा मी एक घोडचूक केली. ऑफर लेटरवरचा आकडा घरी जसाच्या तसा सांगून टाकला. पप्पांनी त्याला रुपयाच्या भावानं गुणलं, आईनं पेढे वाटले, आणि उचगावच्या आमच्या गल्लीत तो आकडा माझ्या आधीच रुबाबात फिरू लागला. तो आकडा हातात यायचा नसतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पेढे वाटणाऱ्या माणसांना थांबवायला जिगर लागते.

पप्पा टर्नर. एका छोट्या वर्कशॉपात त्यांनी आयुष्यभर लेथ चालवली. दर शनिवारी मालक खिशातून नोटा काढून देतो आणि पप्पा त्या न मोजता खिशात घालतात. "आमच्यात एक पैसा कापत न्हाईत," हे त्यांचं लाडकं वाक्य. मी नोकरीला लागले त्याच सुमाराला एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीनं त्यांना कायम नोकरी देऊ केली होती. पगार तेवढाच, पण पीएफ, विमा वगैरे कापून. दिवाळीनंतर नवी शिफ्ट सुरू होणार, तोवर कळवा म्हणाले. मला वाटत होतं, पप्पांनी जावं. काही वर्षांपूर्वी कामावर त्यांच्या बोटाचं पेर चिरडलं तेव्हा मालक सफरचंदं घेऊन बघायला आला होता. घरी बसले तेवढ्या आठवड्यांचा पगार मात्र आला नव्हता. पप्पांनी मागितलाही नव्हता. सफरचंदं मी खाल्ली होती, म्हणून मला ते जास्तच लागतं.

तर, पहिली पगाराची चिठ्ठी आली. कंपनीच्या वेबसाइटवर उघडून बघितली आणि माझं डोकंच फिरलं. वर जो आकडा होता त्याच्या जेमतेम निम्मा खाली उरला होता. मधल्या ओळींत मालगाडीसारखे लांबलचक जर्मन शब्द आणि प्रत्येकासमोर वजाबाकी.

घरी फोन लावला. लपवून काय उपयोग, उद्या गल्ली विचारणारच होती.

"निम्मा?" पप्पा ओरडले, पण आवाजात विजय होता. "बघ! मी सांगत न्हवतो? कापायची एकदा सवय लागली की ही माणसं थांबत न्हाईत. फाउंड्रीला आजच न्हाय म्हणून कळिवतो."

"पप्पा, थांबा. मला आधी एकेक ओळ बघू द्या."

"बघ की. पैसं काय वाचून परत येत्यात व्हय?"

मी इंजिनिअर. पंपात पाणी कुठं गळतंय ते शोधणं हे माझं कामच. म्हटलं, पगारही तसाच शोधू. शब्दकोश घेऊन बसले. पेन्शनची वर्गणी सापडली. बेकारीचा विमा सापडला. मग आजारपणाचा विमा. या तिन्हींत अर्धा वाटा माझा आणि अर्धा कंपनीचा. चर्चच्या कराची जागा कोरी होती, कारण मी कुठल्या चर्चची सभासद नव्हते. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "देवासाठीबी पगारातनं कापत्यात? आमची अंबाबाई बरी, जे द्याल ते घेती."

पुढची ओळ म्हातारपणी कुणी उठवायला-बसवायला लागलं तर त्या खर्चाच्या विम्याची. तिथली कपात मला अर्ध्या वाट्याच्या हिशेबापेक्षा थोडी जास्त वाटली. म्हणून पगार विभागातल्या बाईंकडे गेले. पन्नाशीच्या, गळ्यात चष्मा, टेबलावर निवडुंग. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "तुमचं वय तेवीसच्या पुढे आहे आणि तुम्हाला मूल नाही. अशांना थोडं जादा भरावं लागतं. त्यात कंपनी वाटा उचलत नाही."

हे आईला सांगायला नको होतं. "बघ!" ती आनंदानं म्हणाली. "आता सरकारबी म्हणाय लागलं. मी काय येगळं सांगतीया?" माझ्या लग्नाच्या मोहिमेला परदेशी सरकारचा असा पाठिंबा मिळेल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पण खरा खड्डा आयकराच्या ओळीत होता. बाईंनी चष्मा चढवला आणि एका कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं. कराचा वर्ग सहा. "हा वर्ग दुसऱ्या नोकरीवर लागतो," त्या म्हणाल्या. "तुमची तर एकच नोकरी. तुमचा कर क्रमांक आमच्याकडे आलाच नाही, म्हणून हा लागला. क्रमांकाचं पत्र घरी आलं नाही का?"

"नाही."

"पत्रपेटीवर तुमचं नाव आहे?"

नव्हतं. उचगावात पोस्टमन गल्लीच्या तोंडावरून "टर्नरच्या पोरीचं पत्र" म्हणून हाक मारतो, तेव्हा पेटीवर नाव चिकटवायचं असतं हे कुणाच्या डोक्यात येणार? पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं, म्हणून पोस्टमननं माझं पत्र इमानदारीत परत पाठवलं होतं. मला स्वतःचाच इतका राग आला की तिथंच हसू फुटलं. बाईही हसल्या. म्हणाल्या, क्रमांक आणून द्या, पुढच्या महिन्यात मागचा हिशेब पुन्हा करू आणि जादा कापलेला कर परत देऊ.

संध्याकाळी पेटीवर नाव चिकटवलं आणि सकाळी पासपोर्ट घेऊन कर कार्यालयात गेले. क्रमांकाचा कागद घेतला आणि तडक बाईंच्या टेबलावर ठेवला.

पप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे चुकून कापलं तर परत देत्यात?"

"हो. लिहिलेलं असतं ना, म्हणून मागता येतं."

"बरं. लाव पैज. पुढच्या महिन्यात पैसं परत आलं तर मी फाउंड्रीत जातो. न्हाय आलं तर पुन्यांदा त्या फाउंड्रीचं नाव काढायचं न्हाय."

त्या महिन्यात मी पगाराची जितकी वाट बघितली तितकी बारावीच्या निकालाचीही बघितली नव्हती. पैसे पुरत होते. भीती दुसरीच होती. बाई विसरल्या तर पप्पा जन्मभर त्या शनिवारच्या नोटांवर राहणार होते, आणि पुढच्या वेळी बोटाऐवजी हात गेला तरी सफरचंदंच येणार होती.

चिठ्ठी आली. कराचा वर्ग आता एक, एकट्या माणसाचा. खाली मागच्या महिन्याचा हिशेब नव्यानं मांडलेला आणि जादा कापलेला कर परत. मी ऑफिसातच ओरडले. निवडुंगवाल्या बाई दाराशी येऊन बघून गेल्या.

पप्पांनी चिठ्ठीचा फोटो मागवला. त्यांना त्यातलं एक अक्षरही वाचता येत नव्हतं, तरी आकडे निरखून बघितले. "आलं की," ते म्हणाले. "हरलो मी." हरलेला माणूस इतका खूश मी पहिल्यांदाच बघितला. दिवाळी झाल्यावर ते फाउंड्रीत रुजू झाले.

त्यांची पहिली चिठ्ठी आली त्या दिवशी माझ्या फोनवर फोटो आला. पीएफ, ईएसआयचा विमा, व्यवसाय कर, प्रत्येक ओळीशेजारी पेन्सिलीनं बरोबरची खूण. फक्त ओव्हरटाइमच्या ओळीला गोल होता. मी घाबरून फोन केला.

"दोन तास लिवायचं राहिलतं," पप्पा म्हणाले. "ऑफिसात गेलतो. दाखिवलं. पुढच्या महिन्यात देतो म्हटल्यात."

"तुम्ही स्वतः जाऊन मागितलं?"

"मग? हजेरीबुकात लिवलेलं हाय की."

मी फोटोतला तो गोल पुन्हा उघडून बघितला. मागून आई म्हणाली, "कवापासनं सगळ्या गल्लीला तेच सांगाय लागल्यात, ऑफिसात जाऊन मागितलं म्हणून. पेढं आणाय निघाल्यात आता."