गुरुजींचं वाक्य आणि अर्जाचं इंग्रजी

सौंदडच्या मिडल स्कूलमधून आमचे मराठीचे गुरुजी निवृत्त झाले, तेव्हा मी तिथे इंग्रजी शिकवायला लागून वर्षही झालं नव्हतं. मी त्यांचीच विद्यार्थिनी. निरोपाला शिक्षण खात्याचे एक मोठे साहेब येणार होते. ते मद्रासकडचे, मराठीचा गंध नाही आणि हिंदीही नमस्तेपुरतीच. म्हणून गुरुजींच्या भाषणातलं शेवटचं वाक्य तरी इंग्रजीत सांगावं, असं ठरलं.

वाक्य असं होतं: ‘या गावानं मला मास्तर केलं. बरं झालं ते तुमचं, उणं राहिलं ते माझं. तेवढं पदरात घ्या.’

हेडमास्तरांनी ते काम हौसेनं स्वतःकडे घेतलं. आमच्याकडे इंग्रजी आलं ते अर्जातून. रजेचा अर्ज, बदलीचा अर्ज, बढतीचा अर्ज. नम्रता म्हटली की हेडमास्तरांच्या टाकातून ‘आय मोस्ट हम्बली बेग’ आपोआपच उतरायचं. त्यांनी तसंच लिहिलं, पुढे ‘युअर काइंड ऑनर’ आलं, आणि पदरात घ्या याचं झालं ‘पार्डन माय फॉल्ट्स’. मला ते वाचून चीड आली, पण हेडमास्तरांना तोंडावर कोण सांगणार?

मी एक युक्ती केली. आमच्या स्टेशनवरचे मास्तर बंगाली होते, इंग्रजी चांगलं, मराठी शून्य. साहेबांच्या कानांना काय ऐकू येईल, ते त्यांच्याकडून कळलं असतं. कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि विचारलं, “इनको नौकरी में कितने साल का एक्सटेन्शन चाहिए? और गलती क्या किया?”

घ्या! जन्मभर कोणापुढे हात न पसरलेला माणूस निरोपाच्या दिवशी भिकारीही ठरला आणि गुन्हेगारही. मी तडक गुरुजींच्या घरी गेले. ते अंगणात बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पोरी, मी आजवर कोणाले काई मांगलो नाही. आता जाता जाता कायले मांगू? तूच कर ते वाक्य. पण मले मोठं नोको करू, अन् लहानबी नोको करू.”

तेच तर कठीण होतं. ‘बेग’ पहिल्यांदा काढला. ‘ऑनर’ गेला. मग पहिला तुकडा सरळ ठेवला: ‘धिस व्हिलेज मेड मी अ टीचर.’ त्यात उपकारही होता आणि नम्रताही, वर विशेषण चिकटवायची गरजच नव्हती. दुसरा: ‘व्हॉट केम आउट वेल इज युअर्स; व्हॉट फेल शॉर्ट इज माइन.’ फॉल्ट म्हटलं की कोणाचं तरी नुकसान केल्यासारखं वाटतं. उणं राहणं म्हणजे कमी पडणं, इतकंच. अडलं ते पदरात. इंग्रजीत पदर नाही. आपण पदरात घ्या म्हणतो ते समोरचा घेईलच या भरवशावर म्हणतो, आणि त्या भरवशातच आभार असतात. तो भरवसा मला शब्दांत आणावा लागला: ‘बी काइंड टु दॅट पार्ट, अ‍ॅज यू हॅव ऑल्वेज बीन.’

मग मी ते उलटं मराठीत करून गुरुजींना वाचून दाखवलं. ‘जसं आजवर घेतलंत तसंच’ इथे त्यांनी मला थांबवलं.

“हे मी बोललो नोतो.”

“काढू का, गुरुजी?”

“राहू दे. बोललो नोतो, पण होतं ते.”

मला आभाळ ठेंगणं झालं. नवा कागद घेऊन पुन्हा स्टेशनवर गेले. या वेळी स्टेशनमास्तरांनी सावकाश वाचलं, काही विचारलं नाही, नुसतं म्हणाले, “इनको हमारा प्रणाम बोलना.” गुरुजींनीच हे ठरवलंय म्हटल्यावर हेडमास्तरांनी ते मानलं, पण खट्टू झाले. “इतकं साधं? साहेब काय म्हणतील?”

निरोपाला शाळेचं पटांगण भरलं होतं. धानाचं काम टाकून माणसं आली होती. गुरुजी बोलले, मग मी इंग्रजीत वाचलं. हेडमास्तर माझ्या कानाशी कुजबुजले, “आता साहेब, अर्जावर म्हणतात तसं, ‘विचार करू’ म्हणतील, बघ.”

साहेब तसं म्हणाले नाहीत. खुर्चीवरून उठले, गुरुजींसमोर येऊन हात जोडून उभे राहिले, आणि मग इंग्रजीत म्हणाले, मलाही असेच एक मास्तर होते, त्यांचे आभार मानायला मी कधी गेलो नाही. ते आज तुम्ही घ्यावेत. मी ते मराठीत मोठ्यानं सांगितलं. पटांगणात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की कडेला बांधलेले बैल दचकून उठले. हेडमास्तरही टाळ्या वाजवत होते, सगळ्यांत जोरात!

गुरुजी माझ्याकडे वळले. “सांग साहेबाले, पदरात घेतलं म्हणा.”

तेवढं मात्र मी इंग्रजीत केलं नाही. साहेबांचे जोडलेले हात गुरुजींनी तोवर आपल्या हातांत घेतले होते.