कपाटामागचं टोक

गोरक्ष भोसरीत एका हापिसात शेडचे नकाशे काढतो. चाकणजवळच्या गावात त्याचं अर्धं घर कुलपात असतं. उरलेल्या अर्ध्यात थोरला भाऊ गेनू राहतो, अन् आई गवराबाई त्याच्याच चुलीवर जेवते. वाटणी लिहायची ठरली तेव्हा गेनूच म्हणाला, "घरातच नकाशावाला हाय, बाहेरचा कशाला?" मधली भिंत जागची हलवायची नव्हती. ज्याची खोली लहान, त्याला मागच्या परड्यातली जागा जास्त, असा बोल झाला.

गोरक्षनं टेप लावली. गेनूच्या खोलीत लोखंडी कपाट भिंतीला चिकटलेलं. शून्याचं टोक धरून गेनू कपाटामागं हात घालून उभा राहिला.

"कोपऱ्याला टेकलंय ना, दादा?"

"टेकलंय की! कंपनीचं काम हाय व्हय हे?"

पुढं गेनू बैलाला पाणी दाखवायला गेला, म्हणून तिरकी मापं घेताना टोक आईनं धरलं.

भोसरीत येऊन गोरक्षनं आकडे मांडले, सगळे मिलिमीटरात. बाजूची भिंत ४५०, गेनूची खोली ४५७०, मधली भिंत ४५०, स्वतःची खोली ५१८०, पलीकडची भिंत ४५०. बेरीज १११००. बाहेरून घर भरलं होतं ११४००. गिलाव्यानं दहा-वीसचा फरक पडतो, तीनशेचा नाही. मग त्यानं गेनूच्या खोलीचे कर्ण बघितले, आईनं टोक धरलेली ती तिरकी मापं. दोन्ही सारखे, ६४७७. म्हणजे खोली काटकोनात. रुंदी ४२७०, तर लांबी ४८७० शिवाय तो कर्ण बसतच नव्हता.

टेप खोटी नव्हती. टोक कोपऱ्यापासून फूटभर अलीकडं धरलं होतं.

रविवारी तो गावी गेला. कपाट ओढलं अन् टोक आईच्या हातात दिलं. ४८७०. बेरीज बाहेरच्या मापाला येऊन मिळाली.

गेनू दारात उभा होता. "आये, तूच धरलीस ना टेप?"

"धर म्हणला, धरली. मला काय ठावं त्यातलं?"

"मग आता जेव त्याच्याच घरी."

"दादा, तिचा काय संबंध?" गोरक्ष म्हणाला. "माझं भोसरीत भाड्याचं एका खोलीचं बिऱ्हाड. तिला कुठं नेऊ?"

"तुझं माप बरुबर हाय ना? मग त्यात तिची गादी बसती का बघ."

गवराबाई मध्ये पडली. "गोरक्षा, लेका, घाल की रं त्याचाच आकडा. फूटभर जागेनं काय व्हतंय?"

गोरक्षनं आकडा बदलला नाही. नकाशा स्वच्छ उतरला. दोघांनी सह्या केल्या, गेनूनं तर वाचलासुद्धा नाही.

त्याच दिवशी गोरक्षनं आपल्या खोलीचं कुलूप काढलं. जाळ्या काढल्या, गॅसची शेगडी आणून ठेवली. आईनं त्या ५१८० च्या खोलीत भिंतीकडं तोंड करून भाकरी थापली. पलीकडून नातवंडांचा आवाज येत होता. गोरक्ष परतताना ती एवढंच म्हणाली,

"तुझं बरुबर आलं ना? जा मग."