फोर-जी ओन्ली

चाकणच्या आमच्या शेडमध्ये पत्र्याखाली रेंज टिकत नाही. मी तपासणी विभागात, टेबल शेडच्या मधोमध. माझा फोन आपोआप नेटवर्क शोधायच्या सेटिंगवर असला की कधी फाइव्ह-जी, कधी फोर-जी, कधी टू-जी धरत बसतो आणि दुपारपर्यंत बॅटरी संपवतो. म्हणून तो मी 'फोर-जी ओन्ली'वर ठेवते. बॅटरी टिकते, कॉलही येतात.

पॅकिंगला एक बाई आहे, लातूरकडची. भोसरीत भाड्याच्या खोलीत राहते. तिचा मुलगा दोन वर्षांपूर्वी बापाशी भांडून घरातून गेला, तो आलाच नाही. पोलिसांत तक्रार झाली, गावोगावी चौकशी झाली. बाईने तेव्हापासून नंबर बदललेला नाही. मुलाला तेवढाच नंबर पाठ होता.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ती फोन घेऊन माझ्याकडे आली.

"ताई, ह्ये बघा. मी हातात धरूनच बसले होते. वाजला न्हाई, आन् मेसेज आला."

कॉल लागला नाही की कंपनी पाठवते तसा, अनोळखी नंबरवरून मिस्ड कॉल आल्याचा मेसेज होता. तसे आणखी तीन होते, सगळे वेगवेगळ्या नंबरांवरून. तिने उलट फोन लावले होते. एक चहाच्या टपरीचा निघाला. टपरीवाला म्हणाला, इथून दिवसभर कोणीही फोन मागून लावतं, मी कुणाकुणाला लक्षात ठेवू?

"मावशी, लोनवाले असतील," पलीकडून पॅकिंगचा एक पोरगा ओरडला. "घ्या एखादं, आम्हाला वडापाव चारा!"

"तुझ्या लग्नाला घेते की. पोरगी मिळू दे आधी," ती म्हणाली, पण नजर फोनवरच होती.

मी माझ्या फोनवरून तिला कॉल लावला. तिचा फोन आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावर होता. वर फोर-जी लिहिलेलं, रेंजच्या काड्या भरलेल्या. माझ्या कानात रेकॉर्ड केलेली बाई बोलत होती: आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. ती व्यक्ती माझ्यासमोर डबा उघडून बसली होती. मी तीनदा लावून पाहिला.

मग सेटिंग उघडलं. नेटवर्क मोड, फोर-जी ओन्ली.

"हे कुणी केलं?"

"मोबाइलच्या दुकानात. खोलीत व्हिडिओ अडकायचे म्हणून. तवापासून छान चालतंय."

छान चालतच होतं, इंटरनेट. पण फोर-जीवरूनच कॉल घ्यायची सोय तिच्या जुन्या फोनमध्ये नव्हती, माझ्या फोनमध्ये आहे. तिच्या फोनला कॉल आला की टू-जीवर उतरावं लागतं, आणि या सेटिंगने तो रस्ताच बंद केला होता. एकच सेटिंग, एकीला सोयीचं, दुसरीचं दार लावून घेणारं.

मी ते ऑटोमॅटिकवर आणलं. तपासणीची सवय, म्हणून नुसत्या एका कॉलवर भागवलं नाही. तिला पॅकिंगला उभं केलं, कँटीनमध्ये पाठवलं, गेटपाशी पाठवलं. प्रत्येक ठिकाणी फोन वाजला. संध्याकाळी ती खोलीवर पोचल्यावर तिथेही वाजला.

"व्हिडिओ अडकतील आता," मी बजावलं.

"अडकू द्या."

त्यानंतर तिचा फोन वाजायला लागला. क्रेडिट कार्डवाले, विमावाले, चुकीचे नंबर. दर वेळी ती हातातला खोका टाकून धावायची. "हॅलो, कोण? कोण बोलतंय?" आणि मग परत येऊन टेप लावायची. टपरीवरून पुन्हा कॉल आला नाही. बाकीच्या नंबरांवरूनही नाही. लाइनवरच्या पोरांनी चिडवणं बंद केलं. हळूहळू फोन दिवसदिवस गप्प राहायला लागला. पूर्वी ती जेवताना म्हणायची, रेंज नसंल, म्हणून लागला नसंल. आता तेही म्हणता येईना. रेंज होती. प्रत्येक जागेवर मीच तपासून दिली होती.

दिवाळीची सुट्टी संपवून आलो त्या दिवशी काही कामासाठी मी तिला कॉल लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पॅकिंगला गेले तर ती तिथेच, फोन खोक्यावर ठेवलेला, काड्या भरलेल्या.

"अगं, सेटिंग बदललंस?"

"दुकानात जाऊन करून आणलं. व्हिडिओ लई अडकत होते."

ती हल्ली व्हिडिओ बघतच नाही, हे शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. मी हात पुढे केला. तिने फोन दिला नाही. उलट म्हणाली, "ताई, परत लावा की एकदा. स्पीकरवर."

मी लावला. ती रेकॉर्ड केलेली बाई मराठीत बोलली, हिंदीत बोलली, इंग्रजीत बोलली. पॅकिंगवाली मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिली. कॉल कट झाला तेव्हा तिने टेपचा रोल उचलला.

"मिस्ड कॉलचा मेसेज येतोच की," ती म्हणाली.

मी माझ्या टेबलाकडे परत आले.